उंची आहे म्हणून गोळ्या बंद करू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ३४, उंची १८० सेंमी, वजन ७६ किलो. सिगारेट नाही, बीपी नॉर्मल. तीन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतेय. पुढच्या महिन्यात मी आणि धाकटी बहीण ११ तासांच्या विमानाने जाणार आहोत. तिने कुठेतरी वाचलं की उंच लोकांच्या पायात गुठळ्या जास्त होतात आणि हृदयाचे ठोकेही बिघडतात. ती १५५ सेंमी, त्यामुळे "मी सेफ, तू बघ बाई" असं चालू आहे. चेष्टाच आहे पण मी घाबरलेय. त्यात बाबा. ते ६७ वर्षांचे, १८६ सेंमी, बीपीची गोळी चालू आणि गेल्या वर्षी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडण्याचा आजार, निघालं, तेव्हापासून ब्लड थिनर घेतात. आता ते म्हणतात, "उंचीमुळेच झालंय ना, मग गोळी घेऊन उंची कमी होणारे का?" मलाही अधूनमधून ठोका चुकल्यासारखं होतं. प्रवासाआधी मी गोळ्या बंद करू का? आणि हे उंचीचं खरं आहे का?

उत्तर: खरं आहे. पण तुम्ही ते ज्या आकाराचं समजताय त्या आकाराचं नाही. आणि आधी तातडीचं सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, प्रवासासाठी म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्याने उलट नुकसान होऊ शकतं, कसं ते खाली सांगतेच. आणि बाबांना म्हणावं की तुमची गोळी तर अजिबातच बंद करायची नाही.

बहिणीने जे वाचलं ते बहुतेक स्वीडनमधल्या लुंड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासाबद्दल असणार. तिथे सैन्यभरतीच्या तपासणीत मोजलेले १६ लाख पुरुष आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी नोंद झालेल्या जवळजवळ ११ लाख बायका, एवढ्या लोकांची उंची आणि पुढे त्यांच्या शिरांमध्ये गुठळी झाली का हे जोडून बघितलं. १५५ सेंमीच्या खालच्या बायकांना सगळ्यात उंच गटातल्या बायकांपेक्षा जवळजवळ ७० टक्के कमी धोका निघाला, आणि १६० सेंमीच्या खालच्या पुरुषांना ६५ टक्के कमी. मध्ये कुठे एकदम उडी नाही, उंची वाढत जाते तसा धोका पायरीपायरीने चढतो.

पण मला त्या अभ्यासातला दुसरा भाग जास्त आवडतो, आणि तो तुमच्याच घरातला आहे. त्यांनी सख्खी भावंडं घेतली, एक उंच एक बुटकं, आणि त्यांची आपापसात तुलना केली. कारण नुसती उंच माणसं आणि बुटकी माणसं घेतली तर कोणीही म्हणेल की उंच लोक वेगळ्या घरात वाढले असतील, वेगळं खाल्लं असेल, काहीतरी तिसरंच कारण असेल. भावंडांमध्ये हे बरंचसं सारखं असतं. तरी तिथेही उंच भावंडाकडे धोका झुकलेला दिसला. म्हणजे उंची ही नुसती दुसऱ्या कशाची तरी खूण नाही, तिचा स्वतःचा काहीतरी हात आहे असं मानायला जागा आहे. मात्र अशा नोंदींमध्ये लहानपणी आजार किती झाले, माणूस दिवसभर बसून असतो की उभा, हे सगळं येत नाही, त्यामुळे अगदी पक्का पुरावा असं मी म्हणणार नाही.

आता हात कसा, तर पायातून रक्त वर कसं येतं ते बघा. तुम्ही शांत उभ्या आहात असं समजा. हृदयापासून घोट्यापर्यंत शिरांमध्ये रक्ताचा एक सलग उभा स्तंभ असतो आणि त्याचं सगळं वजन घोट्याजवळच्या शिरेवर पडतं. एक सेंमी उंचीच्या रक्ताचा दाब साधारण ०.७७ मिमी पाऱ्याइतका होतो. तुमच्या उंचीला हृदय ते घोटा अंतर अंदाजे १२२ सेंमी धरू, म्हणजे दाब झाला जवळजवळ ९४. बहिणीचं अंतर १०५ धरलं तर ८१. दोघी एकाच रांगेत नुसत्या उभ्या राहिलात तरी तुमच्या घोट्याच्या शिरेवर तिच्यापेक्षा १३ एककं दाब जास्त, आणि तो रोज, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येकीचं शरीर वेगळं, पण फरकाची दिशा भौतिकशास्त्राची आहे, तिच्याशी वाद घालता येत नाही.

तुम्ही चालायला लागलात की गंमत बदलते. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. नीट चालणाऱ्या माणसाच्या घोट्यातला दाब ९० वरून ३० च्या आसपास येतो. म्हणून उंची एकटी फारसं काही करत नाही, पोटरी काम करत असेल तोपर्यंत. पाय हलायचे थांबले की मग ती लांबी बोलायला लागते. गुठळी बहुतेक वेळा सुरू होते ती झडपेच्या मागच्या खिशात, तिथे रक्त घुटमळतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. लांब पायात शिर लांब, आतला पृष्ठभाग जास्त, आणि झडपाही जास्त असू शकतात, म्हणजे असे खिसेही जास्त. यातलं नक्की कशाचं किती योगदान हे अजून कोणी वेगळं काढून दाखवलेलं नाही. दाब, लांबी, खिसे, आणि उंची ठरवणाऱ्याच जीन्सचे दुसरे काही परिणाम, सगळं मिळून असावं असं माझं मत.

आता तुमचा हिशोब मांडू. टक्के ऐकून माणूस घाबरतो कारण कशाचे टक्के हे कोणी सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायका घेतल्या तर वर्षभरात साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. दोन हार्मोन असलेली गोळी, म्हणजे इस्ट्रोजेनवाली, आणि त्यात दुसरं हार्मोन लेव्होनॉरजेस्ट्रेल असेल तर ५ ते ७ जणींना. दुसरं हार्मोन डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनोन असेल तर ९ ते १२ जणींना. हे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सगळे अभ्यास परत तपासून दिलेले आकडे आहेत. तुम्ही गोळी कोणती ते लिहिलं नाहीये, त्यामुळे पाकीट उलटून बारीक अक्षरात दुसरं नाव काय आहे ते आधी बघा.

आता उंचीमुळे तुमचा धोका सरासरी बाईच्या दुप्पट धरू, मुद्दाम जरा जास्तच धरतेय. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी असेल तर १०,००० मध्ये १० ते १४, म्हणजे वर्षाला हजारात एक किंवा थोडं जास्त. ड्रॉस्पिरेनोनवाली असेल तर हाच आकडा १८ ते २४ वर जातो, हजारात दोनच्या आसपास. असा सरळ गुणाकार प्रत्येक वेळी बरोबर येतोच असं नाही हे सांगून ठेवते, पण कुठला निर्णय महत्त्वाचा आहे ते यातून दिसतं. उंची तुमच्या हातात नाही, गोळीचा प्रकार आहे. तुमच्या जागी मी असते आणि गोळी दुसऱ्या प्रकारातली निघाली असती तर घाईने नाही पण पुढच्या भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं असतं की लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली चालेल का, किंवा इस्ट्रोजेनच नसलेलं काही, नुसत्या प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची गोळी किंवा हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू. या दोन्हींनी गुठळीचा धोका वाढल्याचं दिसत नाही. (इंजेक्शनचं मात्र तसं नाही, तिथे थोडी शंका आहे.)

आणि हो, यातून "गोळ्या वाईट" असा अर्थ काढू नका. गरोदरपणात धोका गोळीपेक्षा जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यात तर सगळ्यात जास्त. गोळी घाबरून सोडली आणि नको असताना दिवस गेले तर गुठळीच्या हिशोबात तुम्ही मागे गेलात.

मग प्रवासापुरती बंद का नाही करायची? कारण इस्ट्रोजेनवाल्या गोळीचा गुठळीचा धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यात सगळ्यात जास्त असतो, मग खाली येतो. तुम्ही तीन वर्षं घेताय म्हणजे तो चढ केव्हाच पार केलाय. महिनाभर किंवा जास्त बंद ठेवून परत सुरू केलीत की तो सुरुवातीचा चढ परत येतो. लोक हेच करतात, सुट्टीआधी बंद, परत आल्यावर चालू, दर वर्षी, आणि वाटतं आपण काळजी घेतोय. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सर्जन आधी चार आठवडे बंद करायला सांगू शकतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

बाबांच्या एट्रियल फिब्रिलेशनमुळे तुमच्या गोळ्यांवर काही फरक पडत नाही, ते वेगळं प्रकरण आहे. घरात आई, बाबा किंवा भावंडं यांच्यापैकी कोणाला कमी वयात, म्हणजे पंचेचाळिशीच्या आत, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, आणि तुम्हाला डोळ्यासमोर नागमोडी चमक येऊन डोकं दुखण्याचा त्रास होत असेल तर तेही, कारण मग इस्ट्रोजेनवाली गोळी चालत नाही.

विमानाचं. इथे तुमच्या बहिणीला थोडं खाली उतरवायला मला मजा येणार आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासाने, विमान असो की बस-ट्रेन-गाडी, गुठळीचा धोका साधारण दुप्पट झालेला दिसला. त्यात १९० सेंमीपेक्षा उंच लोकांचा धोका जास्त वाढला, ते अपेक्षितच होतं. पण विमानात १६० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या लोकांचाही वाढला! कारण बहुधा सीट. उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, पाय हलवायला जागाच नाही. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि सीटची कड गुडघ्याच्या मागे रुतते, तिथून जाणारी शिर दाबली जाते. तेव्हा १५५ वाल्या ताईंना सांगा, पायाखाली बॅग घ्या आणि "सेफ" वगैरे आपल्याजवळ ठेवा.

तरी प्रमाण ध्यानात ठेवा. चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासानंतर पुढच्या आठ आठवड्यात गुठळी होण्याचं प्रमाण साधारण ४,६५० प्रवासांमागे एक असं मोजलं गेलंय, ते सगळ्या प्रवाशांचं सरासरी. तुमचं गोळी आणि उंची धरून काही पट जास्त असेल, समजा दीड हजारात एक, हा माझा अंदाज. प्रवास रद्द करण्याइतकं नाही, पण ११ तास मुटकुळं करून झोपून काढण्याइतकंही कमी नाही.

करायचं काय तर जागा आतल्या वाटेच्या कडेची घ्या, खिडकीची नको, कारण खिडकीत बसलेला माणूस दोन लोकांना उठवायचा संकोच करत बसूनच राहतो. तासाभराने उठा. उठता येत नसेल तेव्हा टाचा टेकवून पुढचा पंजा वर, मग पंजा टेकवून टाच वर, असं पोटरी दुखेल इतकं जोर लावून करा, नुसता पाय हलवून पोटरीचा पंप चालत नाही. झोपेची गोळी नको. ॲस्पिरिन नको, प्रवासातल्या शिरेच्या गुठळीसाठी ती घ्यावी असा सल्ला दिला जात नाही, पोटाचा त्रास मात्र होऊ शकतो.

स्टॉकिंग्ज तुमच्या बाबतीत मी सुचवेन, गुडघ्याखालचे, घोट्यावर १५ ते ३० मिमी दाबाचे. पण उंच लोकांची इथे एक नेहमीची अडचण होते. ठरलेल्या लांबीचा स्टॉकिंग तुमच्या लांब पोटरीला पुरत नाही, मग तो पोटरीच्या मध्यावरच संपतो किंवा ओढून ओढून वर नेला की वरची कड गुंडाळून घट्ट पट्टा होतो, आणि ज्या रक्ताला वर जाऊ द्यायचं तेच अडतं. तेव्हा घेताना घोट्याचा घेर, पोटरीचा घेर आणि टाच ते गुडघ्याची लांबी, तिन्ही सकाळी उठल्या उठल्या मोजा, पाय सुजायच्या आत, आणि लांब मापाचा मागा. वरची कड गुडघ्याच्या दोन बोटं खाली सपाट बसली पाहिजे.

परत आल्यावर दोन महिने लक्ष ठेवायचं, नुसतं विमानातून उतरताना नाही, हे बरेच जण विसरतात. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुतेक वेळा तो नुसता बसण्याचा परिणाम. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, दाबल्यावर जास्त दुखतेय, गरम लागतेय, तर टेप घ्या, गुडघ्याखाली पुढे जे हाडाचं टेंगूळ लागतं त्याच्या दहा सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही. फरक कमी आहे पण दुखणं जात नाहीये तरी दाखवाच. तिथे डी-डायमर नावाची रक्ताची टेस्ट करतील. शक्यता मुळात कमी असताना ती नॉर्मल आली तर गुठळी नाही असं समजता येतं, पण जास्त आली म्हणून गुठळी आहेच असं नाही, सर्दी-तापातही वाढते. खरं उत्तर डॉप्लर देतं, म्हणजे शिर दाबून बघायची सोनोग्राफी, दाबल्यावर शिर चपटी झाली तर मोकळी, नाही झाली तर आत काहीतरी आहे. पोटरीतल्या लहान गुठळ्या पहिल्या वेळी कधीकधी सुटतात म्हणून शंका राहिली तर आठवड्याने परत करतात. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडलात तर पोटरी मोजत बसू नका, सरळ इमर्जन्सीत.

तिथे गेल्यावर तुमची उंची आणि गोळी दोन्ही सांगा. डॉक्टर गुठळीची शक्यता मोजायला जे गुण देतात त्यात प्लॅस्टर, ऑपरेशन, कॅन्सर, आधीची गुठळी असं सगळं आहे पण उंची नाही. ते योग्यच आहे म्हणा, उंचीचं वजन या बाकीच्यांपुढे खूप कमी. पण कधी पायाला प्लॅस्टर लागलं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर "मी १८० आहे आणि इस्ट्रोजेनवाली गोळी घेते, मला गुठळी न होण्याची इंजेक्शनं लागतील का" हे स्वतःहून विचारा. उंची खऱ्या अर्थाने महत्त्वाची होते ती अशा वेळी, दुसरं काहीतरी कारण बरोबर आलं की. नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या अभ्यासात उंच आणि लठ्ठ बायकांना बुटक्या आणि नॉर्मल वजनाच्या बायकांपेक्षा जवळजवळ तिप्पट धोका दिसला होता, पुरुषांमध्ये पाचपट. तुमचं वजन तुमच्या उंचीला ठीक आहे, ते तसंच राहू द्या.

आता ठोक्यांचं, आणि इथे कारण पूर्ण वेगळं आहे, पायाशी संबंध नाही.

उंच माणसाचं हृदयही मोठं असतं, आणि त्यातला डावीकडचा वरचा कप्पाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये विजेच्या लाटा या वरच्या कप्प्यांत ठरलेल्या वाटेने जाऊन थांबण्याऐवजी गोल गोल फिरत राहतात. फिरत राहायला जागा लागते. मुलं छोट्या खोलीत पकडापकडी खेळायला लागली तर लगेच भिंतीला आपटून खेळ संपतो, मैदानात तासभर चालतो, तसंच. लाट फिरून परत त्याच जागी येईपर्यंत तिथला स्नायू पुन्हा पेटायला तयार झालेला असावा लागतो, लहान कप्प्यात ती फार लवकर परत येते आणि विझते. म्हणूनच उंदराच्या हृदयात हे टिकवणं अवघड आणि घोड्यांमध्ये हा आजार अगदी नेहमीचा, पशुवैद्यांना विचारा.

उंचीच कारण आहे का हे तपासायला २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. उंचीशी जोडलेले जीन्स आपल्याला गर्भात आल्या क्षणी मिळतात, पुढे आपण काय खातो, किती पळतो त्याचा त्यांच्यावर परिणाम नाही. लाखो लोकांच्या जनुकीय माहितीत उंचीचे जीन्स ज्यांच्याकडे जास्त, त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशनही जास्त निघालं. ढोबळ हिशोब एका इंचामागे ३ टक्के. तुमच्यात आणि बहिणीत दहा इंचांचा फरक म्हणजे तुमचा धोका तिच्या मानाने साधारण एक तृतीयांशाने जास्त. पण ३४ व्या वर्षी हा आजार इतका क्वचित होतो की क्वचितच्या वर एक तृतीयांश म्हणजेही क्वचितच. हा हिशोब साठीनंतर कामाला येतो. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कमी होतो असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो, २०२२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात उंचीचा हिशोब धरल्यावर बायकांचा तो फायदा नाहीसा झाला. मला तरी हे वाचून जरा बसायला लागलं होतं.

तुमचा चुकलेला ठोका बहुतेक जादा ठोका असणार, म्हणजे एक ठोका वेळेआधी येतो, मग जरा मोठी विश्रांती, आणि पुढचा धाडकन लागतो. निरोगी माणसांतही हे होतं. ओळखायचं असं की असं वाटेल तेव्हा अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. नियमित चाललेली नाडी मधेच अडखळून परत ताल धरते, तर ते जादा ठोके. काहीच ताल सापडत नाही, पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाजच लागत नाही, बोटाखाली काही जोरात काही पुसट, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं आणि ते चालू असतानाच ईसीजी निघाला पाहिजे, थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि सगळे घरी जातात. मनगटावरचं घड्याळ ३० सेकंदाची पट्टी काढत असेल तर ती सेव्ह करा, निदान म्हणून नाही, डॉक्टरांना दाखवायला. एकदा साधा ईसीजी आणि थायरॉइडची टेस्ट करून घ्या, पुरे.

जाता जाता एक तपासून टाका, दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. तुमच्या बाबतीत ते १८९ सेंमीच्या वर गेलं, किंवा घरात कोणाच्या डोळ्याचं भिंग सरकलंय, महाधमनी फुगलीय असं असेल तर मार्फान नावाच्या वेगळ्या आजारासाठी हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. बाबा १८६ आहेत त्यामुळे तुमची उंची घराण्यातली दिसते, मला तशी शंका नाही.

आणि बहिणीला "मी सेफ" परत म्हणायचं असेल तर तिला एवढं सांगा की हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याच्या आजारात गणित उलटं आहे. २०१५ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात साडेसहा सेंमी उंची कमी झाली की तो धोका १३.५ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

बाबांना असं सांगा. उंची ब्लड थिनर देण्याच्या हिशोबात नाहीच मुळी. एट्रियल फिब्रिलेशन होईल का याचा अंदाज करणाऱ्या एका स्कोअरमध्ये उंची आहे, तिथे तिला मान आहे. पण झाल्यानंतर स्ट्रोकचा धोका मोजतात तेव्हा वय, बीपी, डायबेटिस, हृदयाची ताकद, आधीचा स्ट्रोक वगैरे बघतात. त्यांचं वय ६५ ते ७४ मध्ये, त्याचा एक गुण, बीपीचा एक गुण, झाले दोन, आणि पुरुषांमध्ये दोनला गोळी सुरू करतात. ही गोळी ठोके नीट करायला नसते, तिथे त्यांची समजूत चुकतेय. डावा वरचा कप्पा नीट आवळत नाही, त्याला लागून एक लहान पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. तुमच्या पायातली गुठळी फुप्फुसात जाते, त्यांच्या हृदयातली मेंदूत, वाट वेगळी. गोळीने स्ट्रोकचा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो, उंची आहे तेवढीच राहून. तिच्या जागी ॲस्पिरिन चालत नाही, तेही कोणीतरी सांगेलच त्यांना.

आणि उंचीपेक्षा त्यांचं बीपी या आजारात खूप मोठा हात असलेलं कारण आहे, ते घरी मोजून वहीत लिहायला लावा, आठवड्यातून तीन वेळा पाच मिनिटं शांत बसून. ब्लड थिनर नवीन प्रकारची असेल तर वर्षातून एकदा तरी किडनीची टेस्ट, क्रिएटिनिन, करायची असते, कारण डोस त्यावर ठरतो. गेल्या वर्षी सुरू झालीय म्हणताय, तर ती टेस्ट आता आलीच असेल.